दुसऱ्या केबलने घरचा नॅस वेगवान होतो का?

नॅसच्या मागच्या बाजूला दोन नेटवर्क पोर्ट दिसले, की एक रिकामा ठेवणं जिवावर येतं. घरातले फोटो, व्हिडिओ आणि बॅकअप एका जागी ठेवणाऱ्या या पेटीचा एक पोर्ट सेकंदाला एक गिगाबिट वाहून नेतो. मग दोन्ही पोर्ट स्विचला जोडले तर दोन गिगाबिट मिळायला हवेत, असा सरळ हिशेब माणूस मांडतो. सोयही असते. नॅसच्या सेटिंगमध्ये दोन पोर्टचा ‘बाँड’ करता येतो आणि स्विच मॅनेज्ड असेल, तर त्यातही दोन पोर्टची जोडी लावता येते. यालाच लिंक अ‍ॅग्रिगेशन म्हणतात. सगळं जुळवून झाल्यावर मोठी फाइल कॉपी करून पाहावी, तर वेग पूर्वीइतकाच असतो. सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास.

बिघाड कुठेच नसतो. ही सोय ज्यासाठी घडवली, ते काम ती बिनचूक करत असते. आय-ट्रिपल-ई या संस्थेने २००० साली 802.3ad या नावाने हे मानक आणलं, तेव्हा त्यात एक अट पाळली गेली: एकाच संवादातली पाकिटं ज्या क्रमाने निघाली, त्याच क्रमाने पोचली पाहिजेत. पाकिटं आळीपाळीने दोन केबलींवर टाकली, तर एखादं मागून निघून पुढे पोचू शकतं. क्रमात खंड दिसला की घेणाऱ्या बाजूचा टीसीपी तशी खबर परत पाठवतो, आणि पाठवणारा पाकीट हरवलं असं समजून तेच पुन्हा पाठवतो, वर स्वतःचा वेगही कमी करतो. ही कटकट टाळण्यासाठी एका संवादाला एकच केबल नेमून दिली जाते. दुसरी केबल त्या वेळी मोकळी असली, तरी तिचा उपयोग होत नाही.

कोणाला कोणती केबल, हे गर्दी बघून ठरत नाही. ते बेरजेसारख्या एका साध्या क्रियेने ठरतं. घरगुती वापराचे बरेच नॅस लिनक्सवर चालतात, आणि लिनक्सचा मूळचा नियम उपकरणांच्या मॅक पत्त्यांवर बेतलेला आहे. दोन्ही पत्त्यांचे शेवटचे भाग एकमेकांशी ताडून आलेल्या संख्येला केबलींच्या संख्येने भागायचं आणि बाकी बघायची. केबली दोन असतील, तर प्रश्न फक्त सम-विषमचा उरतो. समजा, घरात केबलने जोडलेले दोन संगणक आहेत. एकाचा मॅक पत्ता 3A ने संपतो, दुसऱ्याचा 5C ने. या मोजणीत A म्हणजे दहा आणि C म्हणजे बारा, म्हणजे दोन्ही सम. नॅसचा पत्ता काहीही असला, तरी दोघांची बाकी सारखीच येणार. त्यामुळे दोघांनी एकाच वेळी नॅसवरून फाइली ओढल्या, तर दोघेही एकाच केबलवर येतात, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ५५ मेगाबाइट येतात, आणि शेजारची केबल स्वस्थ बसते. दुसऱ्या संगणकाचा पत्ता 5D ने संपला असता, तर दोघांना पूर्ण वेग मिळाला असता. दोन संगणकांच्या घरात हे असं निम्मं नशिबावर आहे.

आयपी पत्ते आणि पोर्ट क्रमांकही हिशेबात धरणारा नियम निवडता येतो, त्याने वाटणी बरी होते. पण नियम पाठवणाऱ्याचा चालतो. नॅसवर केलेला बदल नॅसमधून बाहेर पडणाऱ्या माहितीपुरता. नॅसकडे येणाऱ्या माहितीला केबल नेमून देतो तो स्विच, आणि स्वस्त स्विचमध्ये त्याबाबत फारशी निवड नसते. शिवाय नियम कितीही हुशार निवडला, तरी संगणकाकडे जाणारी शेवटची केबल एक गिगाबिटचीच आहे. एका संगणकाला त्याहून जास्त मिळणार कुठून?

आता सामान्य घर डोळ्यांपुढे आणा. टीव्हीवर ४के सिनेमा चालू आहे: अल्ट्रा एचडी ब्लू-रेच्या प्रतीचं जास्तीत जास्त ओझं सेकंदाला १२८ मेगाबिट, म्हणजे एका केबलच्या आठव्या भागाच्या जवळपास. मोबाइल वायफायवरून फोटो चढवतात, तेव्हा अडसर बहुतेकदा वायफायचाच असतो. राहिला रात्रीचा बॅकअप, आणि त्याला घाई नाही. ५० गिगाबाइटचं फोल्डर एका केबलने साडेसात मिनिटांत जातं. दोन केबली लावल्या तरी साडेसात मिनिटांतच. आणि दोघांनी खरोखर एकाच वेळी मोठ्या फाइली मागितल्याच, तर दोन डिस्कच्या नॅसमध्ये डिस्कचं डोकं इकडून तिकडे पळायला लागतं. केबल भरण्याआधी डिस्कच थकते.

राहता राहिला एक फायदा: एक केबल निसटली तरी काम चालू राहतं. कार्यालयात याला मोल आहे. घरी कपाटातली केबल किती वेळा निसटते? वीज गेली किंवा स्विच बसला, तर दोन्ही केबली एकदमच निकामी.

तरीही हौसेने जोडणी केलीच असेल, तर ती खरंच झाली आहे का, हे तपासावं. दोन्ही टोकांना एलएसीपी निवडलेलं असावं लागतं. ही नॅस आणि स्विचने एकमेकांशी बोलून जोडी ठरवायची पद्धत. साध्या स्विचला ही भाषा येत नाही. तिथे नॅस एलएसीपीवर ठेवला, तर काम मुकाट्याने एकाच केबलवर चालतं आणि वापरणाऱ्याला पत्ता लागत नाही. लिनक्सवरच्या नॅसमध्ये अ‍ॅडमिन म्हणून ही आज्ञा द्यावी:

```
sudo cat /proc/net/bonding/bond0
```

उत्तरात `Partner Mac Address` पुढे नुसती शून्यं दिसली, तर स्विच बोलतच नाही. दोन्ही पोर्टखाली `Aggregator ID` वेगवेगळा असेल, तरी जोडी जमलेली नाही. त्याचं एक कारण आपल्याकडे हमखास सापडतं: केबल बसवणाऱ्याने आठऐवजी चारच तारा क्रिम्प केलेल्या असतात. अशी केबल १०० मेगाबिटवरच चालते, आणि या मानकात वेगवेगळ्या वेगाच्या केबलींची जोडी होत नाही. `Speed` च्या ओळीत ते लगेच कळतं.

एका संगणकालाच जास्त वेग हवा असेल, म्हणजे घरी बसून कोणी नॅसवरच व्हिडिओ संपादन करत असेल, तर पैसे २.५ गिगाबिटवर घालावेत. २०१६ च्या 802.3bz मानकानुसार हा वेग जुन्या कॅट-५ई केबलवर शंभर मीटरपर्यंत चालतो. भिंत फोडावी लागत नाही. मात्र नॅस, स्विच आणि संगणक, तिन्हींना २.५ चा पोर्ट हवा, एक जरी जुना राहिला तरी वेग एकावर येतो. सगळं जुळलं, तर एकाच कॉपीला सेकंदाला २८० मेगाबाइटच्या आसपास मिळू शकतात, डिस्कने तेवढं दिलं तर. एकट्या हार्ड डिस्कला ते जमत नाही. एसएसडी किंवा तीन-चार डिस्कची जोडणी लागते.

लिंक अ‍ॅग्रिगेशनचं खरं घर वेगळं आहे: तीन-चार जण केबलने जोडलेल्या संगणकांवर दिवसभर एकाच नॅसवर काम करतात, असा घरातला छोटा स्टुडिओ, आणि नॅसही किमान चार डिस्कचा. तिथे माणसं जास्त म्हणून वाटणी बऱ्यापैकी होते. तिथेही मी आधी २.५ च्या स्विचची किंमत विचारेन.