दिव्याखाली पेन्सिल हलवून पाहा

मुलाच्या टेबलासाठी दिवा घ्यायला गेलं की दुकानदार आधी वॅट सांगतो, मग रंग दाखवतो. प्रकाश थरथरतो का, हे सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा.

आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची असते. एलईडी दिव्यात ही वीज एकसारखी करणारा भाग कमकुवत असेल, तर प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. नुसत्या डोळ्यांना हे कळत नाही, पण तासभर वाचल्यावर काहींचे डोळे शिणतात, डोकं दुखतं.

याची परीक्षा दुकानातच होते. आजूबाजूचे दिवे शक्यतो बंद करायला सांगा, कारण तेही थरथरत असू शकतात. मग दिव्याखाली, गडद पृष्ठभागावर फिकट रंगाची पेन्सिल झपाझप आडवी हलवा. सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक. पंख्याच्या पात्यांसारख्या सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर दिवा परत ठेवा. प्रकाश मंद करायची सोय असेल, तर सर्वांत मंद प्रकाशावर पुन्हा पाहा. पुष्कळ दिवे पूर्ण प्रकाशात उत्तम असतात, पण मंद करताना एलईडी भराभर चालू-बंद करतात आणि तिथे पकडले जातात. शंका राहिली तर मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये पट्टे किंवा उघडझाप दिसते.

रंगाचं सोपं आहे. खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. तो उजेड किती हे सांगत नाही, फक्त प्रकाशाची छटा सांगतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, ३००० म्हणजे पिवळसर. अभ्यासाला ४००० च्या आसपासचा घ्यावा. खोलीतला दिवाही चालूच ठेवावा.

आता तीन फूट रुंद, दोन फूट खोल टेबल घ्या. मूल उजव्या हाताने लिहितं. दिवा डावीकडे हवा, नाहीतर हाताची सावली अक्षरांवर पडते. वही आणि पुस्तक शेजारी उघडल्यावर बैठकीच्या दिव्याला जागा उरत नाही, म्हणून मी डाव्या मागच्या कोपऱ्यावर क्लॅम्प लावीन. त्याआधी फळीची जाडी मोजावी आणि खालून हात फिरवून पाहावा. कडेला आतून लाकडी पट्टी असली तर क्लॅम्प बसत नाही. पार्टिकल बोर्ड असेल तर वर-खाली प्लायचे तुकडे ठेवावेत, नाहीतर स्क्रू आत रुततो. टेबल भिंतीला चिकटलेलं असेल तर दांड्याचा कोपर भिंतीला अडतो, ते थोडं पुढे ओढावं.

वळणारी लवचीक मान स्वस्त असते, पण दिव्याचं डोकं जड असलं की हळूहळू खाली झुकते. स्प्रिंगचा दोन सांध्यांचा दांडा जिथे ठेवावा तिथे थांबतो. इंग्लंडमध्ये जॉर्ज कार्वर्डाइन या मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करणाऱ्या इंजिनिअरने १९३२ साली ही रचना केली. दांडा असा ठेवा की मूल ताठ बसल्यावर एलईडी त्याच्या नजरेस पडणार नाहीत.

क्लॅम्प बसतच नसेल तर बैठकीचा घ्या, मात्र दुकानात दांडा पूर्ण पुढे ताणून डोक्यावर बोटाने हलकं दाबा. मागची कड उचलली गेली, तर तो दिवा घेऊ नका.