दोन तारा भिडल्या, जमिनीला पत्ताच नाही

फाल्गुन-चैत्रात वारा सुटला की उसाच्या फडावरून गेलेल्या, झोळ पडलेल्या अकरा केव्हीच्या तारा हेलकावे खाऊ लागतात. त्यातल्या दोन एकमेकींना भिडल्या की ठिणग्या उडतात आणि खालचे वाळलेले पाचट पेट घेते. उभा ऊस असा जळाल्याच्या बातम्या महाराष्ट्राला नव्या नाहीत. वीज अभियंत्यांच्या भाषेत हा लाइन-टू-लाइन फॉल्ट. तारा जमिनीपासून उंच असतात, खांबावरचे इन्सुलेटरही शाबूत असतात. त्यामुळे शेकडो अँपिअरचा प्रवाह धावतो खरा, पण तो जमिनीच्या वाटेला जात नाही.

या प्रवाहाचा हिशेब करताना एक अडचण येते. आर, वाय आणि बी या तिन्ही फेजमध्ये सारखीच घडामोड असली, तर एका फेजचे गणित मांडून काम भागते. इथे मात्र वाय आणि बी भिडल्या आहेत आणि आर बाजूला राहिली आहे. यावरची युक्ती चार्ल्स फोर्टेस्क्यू या अभियंत्याने १९१८ मध्ये मांडली. तिन्ही फेजमधले प्रवाह कितीही वेडेवाकडे असले, तरी त्यांचे तीन शिस्तबद्ध संच पाडता येतात. पॉझिटिव्ह सिक्वेन्समध्ये तीन सारखे प्रवाह आर-वाय-बी या नेहमीच्या क्रमाने येतात, निगेटिव्हमध्ये क्रम उलटा होतो. झीरो सिक्वेन्समध्ये क्रमच नसतो. तिन्ही प्रवाह एकाच क्षणी वाढतात आणि एकाच क्षणी उतरतात.

आता भिडलेल्या तारांकडे पाहू. वायमधून जेवढा प्रवाह फॉल्टकडे जातो, तेवढाच बीमधून परत येतो. आरचा फॉल्ट प्रवाह शून्य. म्हणजे तिघांची बेरीज शून्य. झीरो सिक्वेन्स प्रवाह म्हणजे याच बेरजेचा तिसरा हिस्सा, म्हणून तोही शून्य. कारण साधे आहे: तिन्ही तारांतून एकाच वेळी पुढे गेलेल्या प्रवाहाला परतायला चौथी वाट लागते, जमिनीची किंवा न्यूट्रलची. या फॉल्टमध्ये ती वाट कुठे जोडलेलीच नाही.

म्हणून झीरो सिक्वेन्सचे जाळे हिशेबातून वगळायचे आणि उरलेली दोन जाळी फॉल्टच्या जागी एकमेकांना जोडायची. आर फेजमध्ये पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह प्रवाह समान पण विरुद्ध निघतात आणि एकमेकांना खोडतात.

समजा, उपकेंद्रापासून फॉल्टपर्यंत दोन्ही जाळ्यांचा इम्पिडन्स प्रत्येकी ४ ओहम आहे आणि तारा थेट चिकटल्या आहेत. फेजचा दाब साधारण ६३५० व्होल्ट. त्याला ८ ओहमने भागले की ७९४ अँपिअर. एवढा पॉझिटिव्ह प्रवाह आणि तेवढाच निगेटिव्ह. वाय आणि बीमध्ये हे दोन ६० अंशांच्या कोनात मिळतात आणि ७९४ ची वर्गमूळ तीन पट, म्हणजे सुमारे १३७५ अँपिअर होतात. ताळा करायचा तर ११००० व्होल्टला थेट ८ ओहमने भागावे, उत्तर तेच. दोन तारांमधला दाब, जाण्या-येण्याच्या वाटेतला इम्पिडन्स, एवढाच हा मामला.

तिन्ही तारा एकत्र भिडल्या असत्या तर १५८८ अँपिअर वाहिले असते. लाइन-टू-लाइनचा आकडा त्याच्या ८७ टक्के भरतो. पण हे प्रमाण दोन्ही इम्पिडन्स सारखे असतील तेव्हाचेच. जनरेटरच्या अगदी जवळ फॉल्ट टिकून राहिला, तर त्याचा पॉझिटिव्ह इम्पिडन्स निगेटिव्हपेक्षा बराच वाढतो आणि दोन तारांचा फॉल्ट तीन तारांच्या फॉल्टपेक्षा भारी पडू शकतो.

झीरो सिक्वेन्सचा इम्पिडन्स या गणितात कुठेच आला नाही, आणि त्याचा परिणाम थेट उपकेंद्रात दिसतो. अर्थ फॉल्टचा प्रवाह आवरण्यासाठी ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलमध्ये रेझिस्टर बसवला असला, तरी भिडलेल्या तारांना त्याचा काडीचाही लगाम नसतो. अर्थ फॉल्ट रिलेही स्वस्थ बसते, कारण ते तिन्ही सीटींच्या प्रवाहांची बेरीज पाहते. फीडर तोडायचे काम ओव्हरकरंट रिलेचे. अनेक पॅनलमध्ये ती रिले फक्त आर आणि बीवर असतात. तरीही चालते, कारण कोणत्याही दोन तारा भिडल्या तरी त्यांत आर किंवा बी येतेच.

ट्रिपनंतर न्यूमेरिकल रिलेची नोंद वाचली की प्रकार ओळखता येतो: दोन फेजमध्ये जवळपास सारखा मोठा प्रवाह, तिसऱ्यात नेहमीचा लोड आणि अर्थच्या रकान्यात जवळजवळ शून्य. अर्थचा आकडा चढलेला असेल तर एखादी तार तुटून जमिनीवर पडली असण्याची शक्यता आधी तपासावी लागते. तशी तार सापडली नाही, तर संशय सीटीवर जातो. मोठ्या प्रवाहाने एक सीटी संपृक्त झाली की दोन प्रवाह एकमेकांना पुरते खोडत नाहीत, आणि जमिनीत न गेलेला प्रवाह कागदावर उमटतो.