सुट्टीचे सदस्यत्व आणि दुसरा दूरध्वनी

सुट्टीच्या क्लबचे सदस्यत्व विकणाऱ्यांचा दूरध्वनी हा आता कोणालाच नवा राहिलेला नाही. परंतु ते सदस्यत्व गळ्यात पडल्यानंतर काही वर्षांनी जो दुसरा दूरध्वनी येतो, त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. एकदा फसल्याचे माणूस सांगतो. दोनदा फसल्याचे सांगताना त्याची जीभ अडखळते.

फोंड्याचे एक निवृत्त शिक्षक परवा आमच्या कचेरीत आले. चार वर्षांपूर्वी त्यांना 'सोडतीत तुमचा क्रमांक लागला आहे' असे कळविण्यात आले. अट एकच, बक्षीस घ्यायला पतिपत्नी दोघांनी हॉटेलात यावे. या अटीतच सारी मेख आहे. दोघे समोर असली की 'घरी विचारून सांगतो' ही पळवाट उरत नाही. तीन तास चित्रे दाखवून झाल्यावर ३ लाख २० हजारांचे सदस्यत्व 'केवळ आजच्या दिवसापुरते' १ लाख ८० हजारांवर आले, आणि गुरुजींनी सही केली. मुदत २५ वर्षे, दरवर्षी ७ रात्री. वर ९ हजार रुपये वार्षिक देखभाल शुल्क, जे वाढविण्याचा अधिकार कंपनीचा.

हिशेब अगदी प्राथमिक शाळेतला आहे. १ लाख ८० हजारांना २५ ने भागले की वर्षाला ७,२०० येतात. त्यात ९ हजार मिळवले की १६,२०० रुपये, म्हणजे एका रात्रीला सुमारे २,३०० रुपये. जेवण वेगळे, आणि आगाऊ अडकलेल्या रकमेवरील व्याज जमेसच धरलेले नाही. एवढ्या पैशात कोणतेही बंधन न घेता बरी खोली मिळते. शिवाय मे महिन्यात किंवा दिवाळीत मागावी तेव्हा खोली 'भरलेली' असते. गुरुजींनी रद्द करायचे म्हटले, तर करारात बारीक अक्षरांत दोन वाक्ये निघाली: भरलेली रक्कम परत मिळणार नाही, आणि विक्रेत्याने तोंडी दिलेली आश्वासने कंपनीवर बंधनकारक नाहीत.

मग दुसरा दूरध्वनी आला. बोलणाऱ्याला सदस्यत्वाचा क्रमांक व भरलेली रक्कम तंतोतंत ठाऊक होती, म्हणून गुरुजींचा विश्वास बसला. वास्तविक सदस्यांच्या याद्या हातोहात फिरत असतात, त्यामुळे एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. गिऱ्हाईक २ लाख ६० हजार द्यायला तयार आहे, तेवढे हस्तांतर शुल्क २६ हजार आधी भरा, असे सांगण्यात आले. नंतर १८ टक्के कर म्हणून ४६,८००. नंतर 'परत मिळणारी' अनामत २० हजार. एकूण ९२,८०० रुपये एका व्यक्तीच्या खात्यात गेले आणि तो क्रमांक बंद झाला.

गिऱ्हाईक मुळात नव्हतेच, आणि ते का नसते हे समजून घेण्यासारखे आहे. नव्या सदस्यत्वाच्या किमतीत हॉटेलातील समारंभ, बक्षिसे व विक्रेत्यांची दलाली हा खर्च मिसळलेला असतो. सही होताच त्याचे मोल उरत नाही. उरते ते दरवर्षी शुल्क भरण्याचे दायित्व. १ लाख ८० हजारांना घेतलेले असे दायित्व कोणी २ लाख ६० हजारांना का घ्यावे? आणि खरेच कोणी घेत असेल, तर दलालाने आपली दलाली त्याच्या पैशातून कापून घ्यावी. विकणाऱ्याकडून आधी मागण्याचे कारण काय?

हा प्रश्न युरोपने कायद्यानेच सोडविला. २००८ च्या निर्देशानुसार असा करार १४ दिवसांत कारण न देता मोडता येतो, त्या काळात आगाऊ रक्कम घेता येत नाही, आणि पुनर्विक्रीच्या दलालाला तर विक्री प्रत्यक्ष होईपर्यंत एक पैसाही घेता येत नाही. ब्रिटनने २०१० मध्ये तसेच नियम केले. कळंगुट-बागाच्या रस्त्यांवर ज्या इंग्रज पर्यटकांच्या हाती खरवडायची कार्डे कोंबली जात, त्यांना मायदेशी हे कवच आहे. आपल्याकडे या व्यवहारासाठी असा स्वतंत्र कायदा नाही.

तरीही 'रद्द होणार नाही' हे करारातील वाक्य म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य करार व अनुचित व्यापारी प्रथा यांविरुद्ध दाद मागण्याची सोय आहे. अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार दिल्लीला जाऊन नव्हे, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे करता येते. करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाची वाट बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. मर्यादा मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची, आणि तेथेच बहुतेकांचा घात होतो. खोली आज मिळेल, उद्या मिळेल या आशेवर ती दोन वर्षे केव्हाच निघून जातात.

पुनर्विक्रीच्या भामट्याचा मार्ग निराळा. तेथे ग्राहक आयोगापुढे उभा करायला प्रतिवादीच सापडत नाही. पैसे गेल्याचे ध्यानात येताच १९३० या क्रमांकावर कळविले, तर रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठविली जाण्याची शक्यता असते; पण ती तासांच्या हिशेबात असते, दिवसांच्या नव्हे. गुरुजी आमच्याकडे आले ते सतराव्या दिवशी. आम्ही फाईल चाळत असताना त्यांचा दूरध्वनी पुन्हा वाजला. बुडालेली रक्कम परत मिळवून देणारे कोणी वकील बोलत होते, आणि त्यांना नोंदणीचे ५ हजार आधी हवे होते.