जाहिरात मोफत, नाते मात्र जोडावे लागते

नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना ‘गूगल अ‍ॅड ग्रँट्स’मधून दरमहा १०,००० डॉलरपर्यंतच्या जाहिराती मोफत मिळतात. ही रोख रक्कम नव्हे. गूगलवर शोध घेणाऱ्यांना दिसणारी ती मजकुराची जाहिरात असते. शंभर वेळा दिसली तर किमान पाच क्लिक हवेत. सलग दोन महिने ते जमले नाही तर खाते बंद पडू शकते. म्हणून आम्ही ‘शिक्षण’ हा मोघम शब्द सोडून ‘मुलींच्या फीसाठी जकात’ असे शब्द निवडले.

रमजानमध्ये जकात आली की त्याच दिवशी पावती पाठवतो. फी भरल्यावर किती मुलींची भरली, हे दात्याला फोनवर सांगतो. मुलींची नावे मात्र सांगत नाही. अशा दात्याला पुढच्या रमजानात जाहिरातीने शोधावे लागत नाही.