बाई रजेवर असताना वर्गाला लागणारे चार कागद

शाळा भरायला अर्धा तास उरलेला असताना मुख्याध्यापकांना फोन येतो. चौथी ‘ब’च्या बाईंना रात्रीपासून ताप आहे, त्या येऊ शकत नाहीत. मुख्याध्यापक अ‍ॅडजस्टमेंटच्या वहीत दुसऱ्या कुणाचं तरी नाव लिहितात आणि परिपाठ संपेपर्यंत त्या सहकाऱ्याला छत्तीस मुलांसमोर उभं राहायचं असतं. ती मुलं त्याच शाळेतली असली तरी त्याच्या वर्गातली नसतात. कोण कुठे बसतं, गणिताचा पाठ कुठवर आलाय, कोणाला फिट येते, शाळा सुटल्यावर कोण कोणाबरोबर घरी जातं, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं.

अमेरिकेत शिक्षक गैरहजर असला की रोजंदारीवर बदली शिक्षक बोलावण्याची पद्धत आहे. बरेचदा तो त्या शाळेत पहिल्यांदाच पाऊल ठेवत असतो, म्हणून त्याच्यासाठी फाइल तयार ठेवणं हे तिथे वर्गशिक्षकाचं नेहमीचं काम मानलं जातं. आपल्याकडे तो तास शाळेतलाच सहकारी सांभाळतो, त्यामुळे अशी फाइल क्वचितच तयार होते. आपले शिक्षक वार्षिक नियोजन लिहितात, घटक नियोजन लिहितात, रोजचं टाचणही काढतात. पण टाचणातून आज कोणता घटक शिकवायचा एवढंच कळतं. अनोळखी माणसाला वर्ग सांभाळताना जे लागतं ते चार कागदांत मावतं आणि ते जूनमध्येच लिहून ठेवता येतं.

पहिला कागद : बसण्याची जागा

वर्गाचा आराखडा काढताना एक गोष्ट हमखास चुकते. वर्गशिक्षक दारातून दिसतो तसा वर्ग काढतात, पण वाचणारा फळ्याकडे पाठ करून उभा असतो. त्याला डावं-उजवं उलटं दिसतं आणि तो भलत्याच मुलाला भलत्या नावाने हाक मारतो. मग मुलं हसतात आणि त्याच क्षणी वर्ग हातातून जायला लागतो. म्हणून आराखडा फळ्यापाशी उभं राहूनच काढावा. कागदाच्या तळाशी फळा दाखवावा, दार आणि खिडक्या दाखवाव्यात आणि प्रत्येक बाकावर हजेरी क्रमांकासह मूल ज्या नावाने ओळखलं जातं ते नाव लिहावं.

बाई नाहीत म्हटल्यावर मुलं जागा बदलतात, मित्राशेजारी जाऊन बसतात. आराखडा हातात असला की हे पहिल्या मिनिटात लक्षात येतं. जागा बदलू न देण्याचं कारण फक्त शिस्तीचं नसतं. पुढच्या बाकावरच्या मुलाला फळा नीट दिसत नसेल, एखाद्या मुलीला डाव्या कानाने कमी ऐकू येत असेल म्हणून ती भिंतीशी बसत असेल. डावखुरा मुलगा बाकाच्या डाव्या टोकाला बसतो, कारण मध्ये बसला की शेजाऱ्याच्या कोपराला त्याचा कोपर लागतो आणि दोघांचंही अक्षर बिघडतं. हे त्या त्या जागेपाशी दोन शब्दांत लिहावं. कोणत्या दोघांना शेजारी बसवू नये, हेही लिहावं. मात्र भांडणाची कारणं किंवा घरची परिस्थिती या कागदावर नको, कारण तो टेबलावर उघडा राहतो आणि मुलं तो वाचतात.

दुसरा कागद : वर्गाची रीत

‘आमच्या बाई असं करत नाहीत’ हे वाक्य बदली शिक्षकाला दिवसभरात अनेकदा ऐकावं लागतं. मुलं काही खोटं बोलत नसतात. ओळखीची घडी मोडली की ती खरोखरच अस्वस्थ होतात. म्हणून रोजच्या रीती घड्याळाच्या क्रमाने लिहाव्यात. त्यात ‘शिस्त ठेवावी’ अशी वाक्यं नकोत, प्रत्यक्ष काय करायचं ते हवं. हजेरी नावाने घेतात की क्रमांकाने? गप्प बसण्याची खूण कोणती? तीन टाळ्या वाजवल्या की मुलं दोन टाळ्यांनी उत्तर देत असतील, तर तसं लिहावं. पाणी प्यायला किंवा लघवीला एका वेळी किती मुलांना सोडायचं, तेही आकड्यात लिहावं.

शाळेत पोषण आहार असेल, तर हात धुवायला कोणत्या रांगेने न्यायचं, जेवायला कुठे बसवायचं आणि कोणत्या मुलाचं ताट वेगळं असतं, हे हवंच. वह्या वाटणं, फळा पुसणं, खिडक्या लावणं ही कामं ठरलेल्या मुलांची असतात, त्यांची नावं द्यावीत. मदतीला विश्वासू अशा दोन मुलांची नावं सुचवावीत. एकच नाव दिलं आणि ते मूल त्या दिवशी नेमकं आलं नाही, तर पंचाईत होते.

तिसरा कागद : काम

गैरहजेरीच्या दिवसासाठी नवा घटक ठेवू नये. भागाकार पहिल्यांदा शिकवताना वर्गशिक्षक ज्या क्रमाने जातात तो क्रम दुसऱ्याला माहीत नसतो आणि मुलांच्या डोक्यात दोन रीतींची सरमिसळ होते. शिकवून झालेल्या गोष्टीचा सराव द्यावा आणि तो असा द्यावा की भाषा किंवा कला शिकवणाऱ्या सहकाऱ्यालाही तो घेता यावा. त्यासाठी कामाबरोबर उत्तरं लागतात आणि नेहमीच्या चुकाही लिहाव्या लागतात.

उदाहरणार्थ, चौथीला हातच्याच्या वजाबाकीचा सराव द्यायचा आहे. नुसतं ‘वजाबाकी करून घेणे’ असं लिहिलं तर सहकारी फळ्यावर वीस गणितं देईल, मुलं ती उतरवतील आणि तास संपेल. त्याऐवजी सहाच गणितं द्यावीत. त्यातलं एक ५०३२ वजा १६७८. उत्तर ३३५४. त्याच्या खाली लिहावं : ‘कुणाचं उत्तर ४६४६ आलं, तर ते मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय. दोनातून आठ जात नाहीत म्हणून ते आठातून दोन काढतंय. त्याला उसना घेण्याची पायरीच कळलेली नाही, दहा-दहा काड्यांच्या गठ्ठ्यांवर ती करून दाखवा. कुणाचं उत्तर ३४५४ आलं, तर त्याला उसना घेणं कळलंय, पण शतकाच्या घरातल्या शून्यापाशी ते अडलंय. हजाराकडून उसना घेऊन शून्याचे दहा केल्यावर त्यातला एक दशकाला गेला आणि तिथे नऊच उरले, हे ते विसरलंय. त्याला शून्याच्या डोक्यावर आधी दहा आणि मग नऊ लिहायला सांगा.’

एवढं वाचून गणिताशी संबंध नसलेला शिक्षकही वह्या बघत फिरू शकतो आणि कोणत्या मुलाचं काय चुकतंय हे ओळखू शकतो. सरावाचा तास असा कारणी लागतो. बाई परत आल्यावर त्यांना फक्त ४६४६ वाल्या आणि ३४५४ वाल्या मुलांचे क्रमांक हवे असतात.

चाळीस मिनिटांच्या तासाची विभागणीही द्यावी : पाच मिनिटं एक गणित फळ्यावर, पंचवीस मिनिटं वहीत, दहा मिनिटं तपासणी. काही मुलांचं काम पंधरा मिनिटांतच संपतं आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. त्यांच्यासाठी कपाटातल्या कोणत्या खणातली गोष्टींची पुस्तकं काढायची, ते लिहावं. आणि अचानक आलेल्या आजारपणासाठी कोणत्याही महिन्यात चालेल असं एका दिवसाचं काम छापून, छत्तीस प्रतींसह फाइलमध्ये ठेवावं. तापाने फणफणलेल्या माणसाला सकाळी फोनवरून गणितं सांगायला लागू नयेत.

चौथा कागद : तातडीची माहिती

हा कागद बंद पाकिटात ठेवावा. त्याची एक प्रत मुख्याध्यापकांकडे असावी आणि पाकीट कुठे आहे ते फाइलच्या पहिल्याच पानावर लिहावं. मुलांचे आजार ही त्यांची खाजगी बाब आहे, पण वर्गात त्या दिवशी जबाबदार असलेल्या माणसाला ते माहीत असलेच पाहिजेत.

आजाराचं नुसतं नाव लिहून भागत नाही, तेव्हा काय करायचं ते लिहावं लागतं. ‘क्रमांक १४ : दमा. इनहेलर दप्तराच्या पुढच्या कप्प्यात. धाप लागली तर बसवून ठेवा, आडवं करू नका, इनहेलर द्या, घरी फोन करा.’ ‘क्रमांक २२ : फिट येते. आजूबाजूचे बाक सरकवा, घड्याळात वेळ बघा, एका कुशीवर वळवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, त्याने फिट थांबत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली, तर १०८ ला फोन करा.’ कांदा आणि चप्पल यांचा उल्लेख मुद्दाम करावा लागतो, कारण घाबरलेली माणसं आजही धावत तेच आणतात.

दुसरा भाग शाळा सुटण्याच्या वेळेचा. कोण रिक्षाकाकांबरोबर जातं, कोण सातवीतल्या ताईबरोबर, कोणाला आजोबा न्यायला येतात आणि कोण एकटं चालत जातं, याची क्रमांकवार यादी हवी. ‘मी मामा आहे, घरी घाई आहे’ असं सांगत कुणी दारात आलं आणि यादीत मामा नसेल, तर पालकांशी फोनवर बोलल्याशिवाय मुलाला सोडायचं नाही. मूल त्या माणसाला ओळखतं, एवढं पुरेसं नाही. न्यायालयाच्या आदेशामुळे एखाद्या मुलाला आई किंवा वडिलांपैकी एकाकडेच सोडायचं असेल, तर ते इथे ठळक लिहावं.

तिसरा भाग आगीचा किंवा इमारत रिकामी करण्याचा. कोणत्या जिन्याने उतरायचं, मैदानात कुठे उभं राहायचं हे लिहावं. हजेरीपट सोबत न्यायचा आणि तिथे पुन्हा हजेरी घ्यायची. सकाळीच फळ्याच्या कोपऱ्यात आणि स्वतःच्या वहीत हजर मुलांचा आकडा लिहिलेला असेल, तर मैदानात मोजणी जुळते की नाही हे लगेच कळतं. शेवटी ११२, १०८ आणि मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हे क्रमांक, जवळचा दवाखाना आणि शाळेतल्या प्रथमोपचार पेटीची जागा.

परतीची नोंद

फाइलच्या शेवटी अर्धं कोरं पान ठेवावं. काय पूर्ण झालं, कुणाला लागलं, कोण लवकर घरी गेलं आणि कोणाबरोबर, याची नोंद सहकाऱ्याने त्यावर करायची. खरचटलेल्या गुडघ्याचीसुद्धा. संध्याकाळी पालकांचा फोन आला तर उत्तर तयार असतं.

ही फाइल दोन-चार दिवसांच्या गैरहजेरीसाठी आहे. बाळंतपणाची रजा किंवा दीर्घ आजारपण असेल तर सविस्तर हस्तांतर करावं लागतं, तिथे चार कागद पुरणार नाहीत. फाइल जुनी झाली तर तीही घात करते. बंद पडलेला फोन नंबर किंवा बदललेलं औषध ऐन वेळी वेळ खातं. म्हणून जून आणि दिवाळीची सुट्टी संपल्यावर, असं वर्षातून दोनदा ती तपासावी. फाइल पुरी झाली की नाही हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे. शेजारच्या वर्गाच्या सहकाऱ्याला ती पाच मिनिटं वाचायला द्यावी आणि तो जे जे प्रश्न विचारेल त्यांची उत्तरं त्यात लिहावीत.

यात पालकांचाही वाटा आहे. मुलाचा आजार, औषध, ॲलर्जी, आणि त्याला न्यायला कोण येणार, हे वर्गशिक्षकांना लेखी द्या आणि बदल झाला की त्याच आठवड्यात कळवा. तुम्ही जे कळवलं नाही, ते बाईंच्या फाइलमध्येही नसणार आणि त्या रजेवर असतील त्या दिवशी शाळेत ते कुणालाच माहीत नसणार.