टॅबचं फडताळ, पाळीपाळीने वीज

वर्गात चोवीस टॅब आहेत. प्रत्येकाचा चार्जर दहा वॅटचा. भिंतीतून तो साधारण बारा वॅट ओढतो. सगळे एकदम लावले तरी २८८ वॅट होतात. सहा अँपिअरच्या सॉकेटला हे जड नाही. अडचण येते ती वीज गेल्यावर, कारण तेव्हा शाळा छोट्या इन्व्हर्टरवर चालते. त्याची क्षमता चारशे वॅट धरली आणि ७५ वॅटचे चार पंखे चालू असले, तर टॅबसाठी उरतात जेमतेम शंभर.

म्हणून आठ-आठच्या तीन तुकड्या कराव्यात. एका तुकडीला ९६ वॅट पुरतात. प्रत्येक तुकडीच्या एक्स्टेंशन बोर्डाला स्वतंत्र टायमर लावून त्यांच्या वेळा एकामागोमाग ठेवाव्यात. बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर सुमारे तीन तास लागतात. मात्र ऐंशी टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावतं, त्यामुळे रोजच्या वापरासाठी दोन-अडीच तासांची पाळी पुरते. टॅब उभे, मध्ये बोटभर अंतर सोडून ठेवावेत आणि फडताळाची मागची बाजू उघडी असावी. बंद कपाटात उष्णता साचते.

खरी किमया लेबलांची. खण, टॅब आणि केबलची दोन्ही टोकं, चारही ठिकाणी एकच क्रमांक हवा. मग सातव्या खणातला टॅब सकाळी चाळीस टक्क्यांवरच दिसला, तर सातची आणि आठची केबल एक दिवस अदलाबदल करावी. आठवा टॅब मागे पडला तर दोष केबलचा. सातवाच पुन्हा मागे राहिला तर चार्जर, मग टॅब तपासावा.

पाठ फुगलेला टॅब मात्र पुन्हा चार्जिंगला लावायचाच नाही.