दोन जास्तीचे गुण

राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार आणि दिनविशेष झाले की परिपाठात बोधकथेला जेमतेम चार-पाच मिनिटं उरतात. तेवढ्यात प्रामाणिकपणावर बोलायचं म्हटलं की लाकूडतोड्याची कुऱ्हाड ठरलेलीच. माझ्या परिचयाच्या एका बाईंनी मात्र स्वतःच्या सातवीच्या वर्गात घडलेली गोष्ट सांगितली.

गणिताची २० गुणांची घटक चाचणी होती. एका मुलाला पाच प्रश्नांत ४, ३, ४, ३ आणि ३ गुण मिळाले होते. बेरीज १७, पण पेपरवर लिहिले गेले १९. "त्यानं दोनदा बेरीज केली," बाई सांगत होत्या. "शेजारचा म्हणाला, गप्प बस, बाईंना कुठे कळणार आहे! मधली सुट्टी झाली, तरी पेपर दप्तरातच. शेवटच्या तासाला तो माझ्या टेबलापाशी आला. मी १९ खोडून १७ लिहिले, नोंदवहीतही तसंच केलं. दिवसभर काय वाटत होतं, असं विचारलं तर म्हणाला, डबाच गेला नाही."

रांगेतली चुळबूळ इथे थांबली. डबा न जाणं म्हणजे काय, हे तिसरीतल्या पोरालाही ठाऊक असतं. मला या भाषणातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. बेरीज चुकल्याचं कळलं तेव्हापासून ते सांगेपर्यंतचे ते अवघड तास बाईंनी गाळले नाहीत.

सांगितल्यावर काय झालं, हेही त्यांनी सांगितलं. त्याला आधार आहे. कॅनडातल्या संशोधकांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांना गोष्टी ऐकवून नंतर ती खरं बोलतात का ते पाहिलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, खोटं बोलणाऱ्याला शिक्षा होते अशा 'पिनोकियो' आणि 'लांडगा आला रे आला' या गोष्टींचा उपयोग दिसला नाही. खरं सांगितल्याबद्दल वडिलांनी कौतुक केलं, ही जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट मात्र उपयोगी पडली. सातवीतली मुलं त्याहून मोठी, तरी धाकापेक्षा खरं सांगण्याची वाट दाखवावी, हे त्यांनाही लागू पडावं असं मला वाटतं.

बाईंनी मुलाचं नाव घेतलं नाही, टाळ्याही वाजवायला लावल्या नाहीत. नाव घेतलं असतं तर वर्गात त्याला 'हरिश्चंद्र' म्हणून चिडवलं असतं. टाळ्यांचा धोका वेगळा. सापडलेले दहा रुपये आणून देणाऱ्याला व्यासपीठावर बोलावलं, की काही लहान मुलं घरून आणलेले पैसेच 'सापडले' म्हणून देतात.

भाषणाची खरी परीक्षा पुढच्या चाचणीला होते. पेपर वाटल्यावर बाई आता पाच मिनिटं देतात. मुलं आपापली बेरीज तपासतात आणि ज्यांचे गुण वाढायचे तेही, ज्यांचे कमी व्हायचे तेही टेबलापाशी एकाच रांगेत उभे राहतात.